परिच्छेदाला एक वाक्य

डाव्या पानावर लाल शाईत ‘मुद्दे’, त्याखाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ, आणि मग एकाखाली एक: शेतसारा. सावकारी. कापसाची तेजी. १८५९ चा कायदा. सुपे. आयोग. बारावीच्या इतिहासाच्या वह्या तपासताना असं पान मला हमखास भेटतं. अक्षर सुरेख असतं, क्रमांक गोलात घातलेले असतात, आणि अचानक चाचणी लागली की या पानाचा उपयोग जवळजवळ काहीच होत नाही. कारण यातला एकही मुद्दा काही सांगत नाही. आपण कशाबद्दल आहोत एवढंच तो सांगतो. ‘कापसाची तेजी’. बरं, मग? ती कधी आली, कशाने आली, तिच्यामुळे शेतकऱ्याचं बरं झालं की वाईट? पानाला विचारावं तर पान गप्प. शिवाय ही उपशीर्षकं पुस्तकात ठळक टायपात आधीच छापलेली असतात. ती पुन्हा उतरवून काढण्यात गेलेली पंधरा मिनिटं ही अक्षर सुधारण्याची मेहनत झाली, अभ्यास नव्हे.

हे मी काहीशा अधिकाराने सांगते, कारण अचानक चाचणी घेणाऱ्या जमातीतली मी आहे. वर्गात शिरायचं, हजेरी घ्यायची, आणि मग शांतपणे म्हणायचं, “पुस्तकं दप्तरात, एक कोरा कागद काढा.” मागच्या बाकांवरून “मॅडम, सांगितलं नव्हतं!” असा सूर उठतो. सांगितलं असतं तर ती अचानक कशी झाली असती? वीस मिनिटं, दहा गुण, तीन प्रश्न. त्यातला एक बहुधा ‘सकारण स्पष्ट करा’, एक ‘टीप लिहा’, आणि एक असा की त्याचं उत्तर पुस्तकात एका जागी सापडत नाही, दोन-तीन परिच्छेदांना हात घालावा लागतो. मुलं या तिसऱ्या प्रश्नावर अडतात. त्यांना धडा येत नाही असं नसतं. धडा त्यांना सुट्या खोल्यांसारखा येतो, एका खोलीतून दुसरीत जायचं दार त्यांनी पाहिलेलं नसतं.

म्हणून एका परिच्छेदाचं एक वाक्य करायचं, तर ते खरोखरचं वाक्य हवं, ही पहिली अट. क्रियापद हवं. कोणी काय केलं किंवा कशाचं काय झालं, हे त्यात असलं पाहिजे. दुसरी अट जास्त महत्त्वाची: परिच्छेद ज्या शब्दावर वळतो तो शब्द वाक्यात उरला पाहिजे. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’, ‘उलट’, ‘जोपर्यंत’. हे शब्द दिसायला किरकोळ, म्हणून संक्षेप करताना सगळ्यात आधी तेच उडतात, आणि परीक्षेत प्रश्न नेमका त्यांच्यावरच येतो. ‘सकारण स्पष्ट करा’ म्हणजे दुसरं काय? परिच्छेदातला ‘म्हणून’ काढून दाखवा.

शाळेत आपण सारांशलेखन शिकतो त्यात उतारा एक तृतीयांश करायचा असतो. तो वेगळा प्रकार. तिथे उताऱ्याचा तोल सांभाळायचा, लेखकाचा सूर राखायचा, आणि वाचणाऱ्याने मूळ उतारा पाहिलेला नाही असं धरून चालायचं. इथे वाचणारे आपणच, आणि मूळ परिच्छेद आपण काल वाचलेला. वाक्याने परिच्छेदाची जागा घ्यायची नाही, तो डोक्यात असेल तिथून वर ओढून आणायचा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तोवर तार करणारा माणूस शब्दागणिक पैसे मोजत असे. ‘आई अत्यवस्थ ताबडतोब निघ’ एवढ्या चार शब्दांत वाचणाऱ्याला गाडी, रजा, मागे ठेवायची मुलं, सगळं दिसायचं, कारण ते सगळं त्याच्याजवळ आधीच होतं. परिच्छेदाचं वाक्य हे असं आपणच आपल्याला केलेल्या तारेसारखं असतं. त्रयस्थाला ते अर्धवट वाटलं तरी बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष काम पाहू. मी नेहमी घेते ते प्रकरण दख्खनच्या दंग्यांचं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, जे आज बारामती तालुक्यात आहे, आसपासची रयत बाजाराच्या ठिकाणी जमली आणि सावकारांकडे त्यांच्या वह्या आणि कर्जरोखे मागू लागली. मिळाले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी सावकारांची घरं पेटवली. तिथून हे लोण नगर जिल्ह्यात गेलं आणि पुढच्या दोनेक महिन्यांत तीसहून जास्त गावांत पसरलं. पुस्तकात हे साधारण आठ परिच्छेदांत येतं. दंगा त्यातल्या एकाच परिच्छेदात असतो, बाकीचे बहुतेक ‘का’चे. मुलं मात्र सगळ्यात जास्त शाई दंग्यावर खर्च करतात. तिथे जाळपोळ आहे, ती लक्षात राहायला सोपी. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, पण गुण मात्र ‘का’लाच असतात.

पहिला परिच्छेद रयतवारीचा. सरकारने शेतकऱ्याशी थेट सारा ठरवला, जमिनीचा कस पाहून ठरवला, तो रोख भरायचा, आणि त्या वर्षी पीक आलं की बुडालं याच्याशी त्या रकमेला फारसं देणंघेणं नाही. मुलं लिहितात, ‘रयतवारी पद्धतीत सारा जास्त होता.’ वाक्य आहे, क्रियापद आहे, खोटंही नाही. पण यातून पुढच्या परिच्छेदात पाऊल टाकता येत नाही. ‘जास्त’ म्हटलं की विषय तिथेच संपतो. हेच असं लिहिलं तर: ‘रयतवारीत सारा रोख आणि ठरलेला होता, म्हणून पीक बुडालेल्या वर्षी तो भरायला रयत सावकाराकडे जाई.’ आता दुसऱ्या परिच्छेदातला सावकार पहिल्याच वाक्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला. मुलांना मी एवढंच सांगते, की वाक्य लिहून झालं की त्याचं शेवटचं नाम बघा. ते पुढच्या परिच्छेदात भेटणार असेल तर वाक्य बहुधा बरोबर बसलं आहे. हा काही नियम नाही, तपासायची एक युक्ती आहे, आणि ती इतिहास-भूगोलात जितकी चालते तितकी भाषेच्या धड्यात चालत नाही.

कापसाचा परिच्छेद मुलांना आकड्यांमुळे घाबरवतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांश भाग अमेरिकेतून येत असे. १८६१ मध्ये वीस लाखांवर गाठी आल्या, १८६२ मध्ये पंचावन्न हजार. मग हिंदुस्थानी कापसाला भाव आला, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी सावकारांना पैसा पुरवला, सावकारांनी तो रयतेला उचल म्हणून दिला. कापसाच्या दर एकराला शंभर रुपयांपर्यंत उचल मिळाल्याची नोंद आहे. यातलं वाक्यात काय घ्यायचं? माझ्या मते एकही गाठ घ्यायची नाही. ‘अमेरिकेतल्या युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबला, इथल्याला भाव आला, म्हणून सावकाराने रयतेला सढळ हाताने कर्ज दिलं.’ कंसातली दोन वर्षं ठेवायची, कारण ती पुढे लागणार आहेत. कर्ज कधी सोपं झालं आणि कधी अवघड झालं, हे त्यांच्यावर ठरतं.

“मॅडम, आणि आकडा विचारला तर?” हा प्रश्न येतोच. आकडा समासात लिहा, वाक्यात नको. समासात एकच, आणि तोही असा निवडा की त्याने परिच्छेद हलला पाहिजे. वीस लाखांवरून पंचावन्न हजार, ही घसरण डोळ्यांसमोर आणली की गिरण्या का धावल्या हे वेगळं पाठ करावं लागत नाही. बाकीचे आकडे पुस्तकात राहू द्या. एका वाक्यात तीन आकडे कोंबले की ते वाक्य लक्षात ठेवायचं नवं ओझं होतं, आणि आपण ते लिहिलं होतं ओझं कमी व्हावं म्हणून.

यानंतर युद्ध संपतं, अमेरिकेचा कापूस परत येतो, इथली मागणी उतरते, सावकार हात आखडता घेतो. पुस्तक यासाठी एक परिच्छेद देतं आणि पुढच्या परिच्छेदात नव्या पाहणीनुसार सारा वाढल्याचं सांगतं, काही ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी. छापील परिच्छेद दोन, पण विचार एकच: पैसा आटला आणि नेमकी त्याच वेळी मागणी वाढली. अशा वेळी दोन परिच्छेदांचं मिळून एक वाक्य करावं, बेधडक करावं. पुस्तकातले परिच्छेद काही वेळा चित्र बसावं म्हणून तोडलेले असतात, काही वेळा पान संपलं म्हणून. त्याच्या उलटही होतं. एखाद्या भरगच्च परिच्छेदात दोन विचार कोंबलेले असतात, तिथे दोन वाक्यं करायला हरकत नाही. आणि एखादा परिच्छेद ‘आता आपण पाहू’ एवढंच म्हणत असतो. त्याचं वाक्य करायला बसू नये. समासात आडवी रेघ मारून पुढे जावं. ‘या परिच्छेदात काहीच नाही’ हे धीटपणे ठरवता येणं, हीसुद्धा धडा समजल्याची खूण आहे, आणि हुशार मुलांनाच ते जास्त जड जातं. त्यांना वाटतं, छापलंय म्हणजे काहीतरी असणारच.

खरी परीक्षा घेतो तो १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा परिच्छेद. त्यात सांगितलेलं असं: कर्जावरचं व्याज वर्षानुवर्षं साचू नये म्हणून सरकारने ठरवलं, की सावकार आणि रयत यांच्यातला रोखा तीनच वर्षं ग्राह्य धरला जाईल. सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की नवा रोखा लिहून घ्यायचा, न फिटलेली मुद्दल आणि साचलेलं व्याज मिळून त्याची नवी मुद्दल धरायची, आणि तिच्यावर पुन्हा नव्याने व्याज चालू. मुलांच्या वहीत याचं काय होतं? ‘१८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे केली.’ परिच्छेदाच्या पहिल्या अर्ध्याचा हा उत्तम सारांश आहे. पण परिच्छेद ज्यासाठी लिहिला, तो दुसरा अर्धा गेला. या वाक्यावरून धडा आठवणारा मुलगा चाचणीत सरळ लिहितो, की सरकारने शेतकऱ्याच्या हिताचा कायदा केला आणि त्यामुळे कर्जं कमी झाली. असं उत्तर मी वाचलेलं आहे. चूक स्मरणशक्तीची नव्हती. त्याला त्याचं वाक्य अगदी अचूक आठवलं होतं.

दुसऱ्या टोकाची मुलंही असतात. ती लिहितात, ‘सावकारांनी कायद्याचा गैरफायदा घेतला.’ इथे वळण आलं, पण कोणता कायदा, कसला फायदा, काही नाही. हे वाक्य वनकायद्याच्या, कूळकायद्याच्या, कशाच्याही धड्यात चालेल. एखादं वाक्य दुसऱ्या धड्यात तसंच्या तसं बसतंय का, हे बघितलं की ते पोकळ आहे की भरीव ते लगेच कळतं. आमच्या वर्गात घासूनपुसून शेवटी असं झालं: ‘रोखा तीनच वर्षं चालेल या १८५९ च्या कायद्याने व्याज साचणं थांबायचं होतं, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलीत घालून नवा रोखा करी, म्हणून कर्ज उलट फुगलं.’ लांब आहे, कबूल. वहीच्या दोन ओळी झाल्या. पण यात ‘पण’ आहे, ‘म्हणून’ आहे, ‘उलट’ आहे, आणि एकही शब्द काढायला गेलं तर काहीतरी पडतं. वाक्य छोटं असावं, पण छोटेपणाचे वेगळे गुण नाहीत.

कर्ज फुगलं म्हणजे किती, ते मी फळ्यावर करून दाखवते. हिशेब बनावट, पण पद्धत तीच. शंभर रुपये कर्ज, वर्षाला चोवीस टक्के सरळ व्याज. तीन वर्षांत काहीही फेडलं नाही तर व्याज बहात्तर, म्हणजे नवा रोखा एकशे बहात्तरचा. त्यावर पुढच्या तीन वर्षांत व्याज सुमारे एकशे चोवीस. सहाव्या वर्षाच्या शेवटी शंभराचे दोनशे शहाण्णव. जुनाच रोखा चालू राहिला असता तर दोनशे चव्वेचाळीस झाले असते. गावात रिवाज दामदुपटीचा, म्हणजे व्याज कितीही झालं तरी मुद्दलीपेक्षा जास्त नाही. पण कागदावर व्याजाचीच मुद्दल झाली, की दामदुपट कशाची मोजणार? दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावलेलं होतं. हा आकडा मात्र मी वाक्यातच ठेवायला सांगते. दामदुपटीच्या परिच्छेदाचं वाक्य असं: ‘व्याज मुद्दलीपेक्षा जास्त नको हा रिवाज सावकाराने मोडला, एका प्रकरणात शंभरावर दोन हजार.’ इथे उदाहरण वगळलं तर रिवाज मोडला म्हणजे किती, ते दिसेनासं होतं. वर समासात पाठवलेला आकडा आणि हा आकडा यांच्यात फरक काय, असं मुलं विचारतात. तो परिच्छेद कापसाचा होता, हा परिच्छेद आकड्याचाच आहे.

एवढी तयारी झाली की सुप्याचा परिच्छेद आपोआप हलका होतो. ‘१२ मे १८७५ ला सुप्यात रयतेने सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, कारण कर्ज त्या कागदांतच होतं.’ ‘कारण’च्या पुढचे चार-पाच शब्द पुस्तकात त्या जागी नसतात, ते मुलाने मागच्या दोन वाक्यांतून आणायचे असतात. ज्याला ते आणता येतात त्याला मी विचारते त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं: रयतेने पैसे-दागिने सोडून आधी कागद का मागितले?

ही वाक्यं कधी लिहायची, हा वेगळा मुद्दा. चाचणी अचानक असते, तेव्हा तिच्यासाठी आदली रात्र नसते. धडा ज्या दिवशी वर्गात झाला त्या दिवशी संध्याकाळी हे काम उरकलं तर उरकलं. परिच्छेद सलग एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं, मनातल्या मनात कुणाला तरी सांगितल्यासारखं सांगायचं, मग लिहायचं, मग पुस्तक उघडून जुळवायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात आपसूक पुस्तकातलं पहिलं वाक्य उतरवतो. पहिल्या वाक्यातच परिच्छेदाचा गाभा असतो हा समज इंग्रजी निबंधाच्या शिकवण्यांतून आलेला आहे. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत तो पुष्कळदा शेवटी असतो, आणि कधी कुठेच नसतो, सगळ्या परिच्छेदात मिळून असतो. वाक्यांना परिच्छेदांचे क्रमांक द्यावेत. आठ परिच्छेद आहेत हे माहीत असलं, की सात आठवल्यावर एक हरवलाय हे कळतं. क्रमांक नसले तर हरवलेलं हरवलंय हेही कळत नाही.

गाईडमध्ये तयार मुद्दे मिळतात, मग इतका खटाटोप का, असं पालक विचारतात. त्या मुद्द्यांत चूक नसते, बहुधा ते मुलांच्या मुद्द्यांपेक्षा नीटनेटकेच असतात. पण त्यात काय टाकायचं नि काय ठेवायचं याची झटापट दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. १८५९ च्या वाक्यावर आमच्या वर्गाने जो अर्धा तास घालवला, त्यानंतर ते वाक्य वहीत नसतं तरी चाललं असतं.

यावर मानसशास्त्रज्ञांनी काम केलेलं आहे आणि ते या पद्धतीला सरसकट शाबासकी देत नाही. डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात सारांश काढण्याला त्यांनी कमी उपयोगाच्या रांगेत बसवलं, आणि स्वतःची चाचणी घेण्याला वरच्या. कारण असं, की सारांश चांगला काढायचा तर तो शिकावा लागतो, आणि बहुतेक विद्यार्थी शिकलेले नसतात. मला हे पटतं. वर दाखवलेली दोन वाक्यं, ‘मुदत तीन वर्षे केली’ आणि ‘गैरफायदा घेतला’, याचाच दाखला आहेत. म्हणून वाक्यं लिहून झाल्यावर ती वाचत बसायचं नाही. वाक्य झाकायचं, नुसता क्रमांक बघायचा, आणि वाक्य म्हणायचं. मग वाक्य उघडायचं आणि त्यावरून परिच्छेद म्हणायचा, चार-पाच वाक्यांत. सारांश काढताना पुस्तकाकडून वहीकडे जो प्रवास होतो त्याच्या उलटा हा प्रवास. गीतेचे सातशे श्लोक घेऊन ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. आपल्याला एका ओळीच्या पाच करायच्या आहेत.

पण चाचणीच्या आधी पाचच मिनिटं असतील तर? शेजारच्या तुकडीत पहिल्या तासाला कागद काढायला लावले, ही बातमी मधल्या सुट्टीत पसरते, आणि मग आमच्या व्हरांड्यात जी धांदल उडते ती बघण्यासारखी असते. इथे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट कामी येते. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्री पाणमांजरांवरचा. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने पाहिलं तर लिहून काढणाऱ्यांना छप्पन्न टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना बेचाळीस. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाते ती ही, की पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा उलट होतं: दोनदा वाचणारे एक्याऐंशी, लिहून काढणारे पंच्याहत्तर. म्हणजे झाकून म्हणण्याचं काम आधीच्या दिवसांतलं. व्हरांड्यात उभं असताना झाकाझाकी करू नये, सगळी वाक्यं वरून खाली सरळ वाचून काढावीत. तेवढ्या वाक्यांना दीड-दोन मिनिटं पुरतात. सलग वाचताना त्यांची गोष्ट झाली पाहिजे: सारा होता म्हणून सावकार, युद्ध झालं म्हणून कर्ज, युद्ध संपलं पण सारा वाढला. जिथे ‘मग?’ असं अडखळतं, तो परिच्छेद पुस्तकात बघायला उरलेली तीन मिनिटं.

हे सगळ्या धड्यांना लागू नाही. रसायनशास्त्रातली समीकरणं, व्याकरणातले समास, नकाशात भरायच्या नद्या, यांना वाक्य लागत नाही, सराव लागतो. ‘चुकीची जोडी ओळखा’ या प्रश्नालाही वाक्यं फारशी मदत करत नाहीत. कवितेच्या कडव्यांची वाक्यं तर कृपा करून करू नयेत. तसा एक प्रयत्न मी वाचलेला आहे, आणि त्या कवीची मला फार दया आली.

इतिहासात मात्र एक फट उरते आणि ती शेवटच्या परिच्छेदांत दिसते. दंग्यांनंतर हिंदुस्थान सरकारच्या आग्रहावरून मुंबई सरकारने आयोग नेमला. १८५७ ची आठवण ताजी होती. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये इंग्लंडच्या संसदेत मांडला गेला, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, ज्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याची मुभा दिली. अहवालाचा निष्कर्ष असा, की रयत चिडली ती सावकारावर, सरकारी साऱ्यावर नव्हे. या परिच्छेदाचं जवळपास प्रत्येक वहीत एकच वाक्य सापडतं: ‘दंग्यांचं कारण सावकारी होतं, सारा नव्हे.’ छोटं, क्रियापद असलेलं, वळण राखलेलं, माझ्या सगळ्या अटी पुरवणारं, आणि चुकीचं. कारण ‘आयोगाच्या मते’ हे दोन शब्द गळले. ते गळले की एका सरकारने नेमलेल्या आयोगाचं म्हणणं इतिहासाचं म्हणणं होऊन बसतं, आणि आपणच लिहिलेल्या पहिल्या वाक्याशी, जिथे सारा रोख आणि ठरलेला होता, त्याची टक्कर होते.

ही टक्कर ज्या मुलांच्या लक्षात येते ती चाचणी सोडून आधी हात वर करतात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “मॅडम, एक नंबरचं वाक्य आणि आठ नंबरचं वाक्य जमत नाहीत. कोणतं खोडू?” मी म्हटलं, एकही खोडू नकोस, आठव्याच्या आधी दोन शब्द घाल. तिने घातले, मग थोडा वेळ कागदाकडे बघून म्हणाली, “पण मग आयोग असं का म्हणाला?” त्या दिवशी तिसरा प्रश्न मी तोच दिला.